फळछाटणी कार्यशाळा: उरलेल्या जागा सांगण्याच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४

दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागेत आज बागमालक आणि छाटणीचे दोन मास्तर यांच्यासोबत जागांची संख्या ठरवली. कार्यशाळा रविवार, ६ ऑक्टोबर रोजी होईल. आतापर्यंत आमच्या कार्यक्रमांत ही संख्या सभागृहातल्या खुर्च्या मोजून ठरत असे. या वेळी तसे करता येणार नाही, कारण प्रत्येक शिकाऊ व्यक्तीने स्वतःच्या हाताने वेल छाटायची आहे आणि छाटलेली वेल दुसऱ्याला सरावासाठी देता येत नाही. फळछाटणीत काडीवरच्या कोणत्या डोळ्यात घड आहे हे काडी तपासणीवरून समजते, त्या हिशेबाने किती डोळे राखून काप घ्यायचा ते ठरते, आणि काप चुकला तर त्या काडीवरचा यंदाचा माल गेला. म्हणून मालकांनी संपूर्ण बाग दिलेली नाही. कडेच्या दोन ओळींमधल्या ७० वेली दिल्या आहेत.

हिशेब असा झाला. मास्तर प्रात्यक्षिकासाठी ६ वेली वापरतील. प्रत्येकाला किमान ३ वेली हव्यात: पहिली मास्तरांच्या देखरेखीखाली, दुसरी एकट्याने, आणि तिसरी दुसऱ्या वेलीवरच्या चुका समजल्यानंतर. एखादी वेल कमजोर निघाली किंवा ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, पुरेशा चांगल्या काड्या नसल्या तर बदली म्हणून ४ वेली बाजूला ठेवायच्या. उरलेल्या ६० वेलींत २० जण बसतात. दोन्ही मास्तरांनी स्वतंत्रपणे हाच आकडा सांगितला, कारण दहापेक्षा जास्त लोकांच्या कात्रीवर एका माणसाची नजर राहत नाही.

या २० पैकी ४ जागा परिसरातल्या छाटणी टोळ्यांमधील महिलांसाठी विनाशुल्क राखीव आहेत. म्हणजे शुल्क भरून मिळणाऱ्या खुल्या जागा १६. हा हिशेब जाहिरातीच्या पहिल्या मजकुरातच द्यावा असे मी सुचवले आहे. ‘मर्यादित जागा’ हे शब्द इतक्या वेळा वाचले गेले आहेत की त्यांवर कोणाचा डोळा थांबत नाही. ‘७० वेली, म्हणून २० माणसे’ हे मात्र द्राक्ष उत्पादकाला लगेच पटते, कारण वेलींचा हिशेब तो रोज करतो.

१२ सप्टेंबर

नोंदणी सुरू होण्याआधीच काही नियम लिहून ठेवले. विक्री मंदावली की जाहिरातीची भाषा आपोआप चढू लागते, त्यामुळे कोणते वाक्य केव्हा वापरायचे हे आकडे समोर नसतानाच ठरलेले बरे.

‘शेवटच्या काही जागा’ हे शब्द खुल्या जागांपैकी चार किंवा त्याहून कमी उरल्यावरच वापरायचे. पैसे जमा झाले तरच जागा भरली असे धरायचे; फोनवरची ‘माझं नाव लिहून ठेवा’ ही विनंती विचारणा समजायची. राखीव चार जागा खुल्या जागांच्या हिशेबात कधीही मिसळायच्या नाहीत, आणि त्यांतली एखादी रिकामी राहून खुली करावी लागली तर तसे उघड सांगायचे. हा शेवटचा नियम किरकोळ वाटतो, परंतु फसवणूक बहुधा इथूनच सुरू होते. चार जागा खिशात ठेवून ‘आता दोनच उरल्या’ असे लिहायचे, त्या दोन गेल्या की खिशातल्या चार बाहेर काढायच्या, म्हणजे प्रत्येक वाक्य सुटे पाहिले तर खरे आणि एकत्र पाहिले तर खोटे.

सहकाऱ्याने २५ तारखेपर्यंत कमी शुल्क आणि नंतर जास्त, अशी योजना सुचवली होती. ती घेतली नाही. २५ तारखेनंतर आमचा कोणताही खर्च वाढत नाही, आणि नोंदणी कमी झाली तर ती मुदत वाढवण्याचा मोह आम्हाला आवरणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. शुल्क सर्वांना १,८०० रुपये. जेवण आणि छापील पुस्तिका त्यातच.

कायद्याची बाजूही आज पुन्हा वाचली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली, त्यांत ग्राहकाची दिशाभूल करणारे १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी निकड हा त्यांतला पहिला आहे. वस्तू किंवा सेवा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी उपलब्ध असल्याचे भासवणे त्यात येते, तसेच मागणी जास्त असल्याचे भासवणेही येते. ‘दोनच खोल्या शिल्लक, तीस जण आत्ता पाहत आहेत’ या धर्तीचे उदाहरण तिथेच दिलेले आहे. ही तत्त्वे मोठ्या संकेतस्थळांपुरती मर्यादित नाहीत; जाहिरातदार आणि विक्रेतेही त्यांच्या कक्षेत येतात, त्यामुळे आमच्यासारख्या लहान आयोजकाने ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजण्यात अर्थ नाही.

१६ सप्टेंबर

नोंदणी सुरू केली. अर्ज ऑनलाइन भरायचा, पैसे यूपीआयने पाठवायचे, आणि प्रत्येक अर्जासमोर तक्त्यात चारपैकी एक शब्द लिहायचा: विचारणा, धरून, भरले किंवा रद्द. जागा धरून ठेवण्याची मुदत २४ तास आहे.

नोंदणीच्या पानावर कोणता आकडा दाखवायचा यावर बराच वेळ चर्चा झाली. ‘धरून’ ठेवलेली जागा गेली असे मोजले, तर माणसाने पैसे न भरल्यास उरलेल्या जागा दुसऱ्या दिवशी वाढतात आणि वाचणाऱ्याला आदल्या दिवशीचा आकडा खोटा होता असे वाटते. ती मोकळी आहे असे मोजले, तर एकाच जागेचा शब्द दोघांना दिला जाण्याची भीती असते. म्हणून भरलेल्या, धरलेल्या आणि मोकळ्या असे तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवायचे ठरवले. मोकळ्या जागांचे सूत्र असे आहे:

```
=16-COUNTIF(D2:D60,"भरले")-COUNTIF(D2:D60,"धरून")
```

हा आकडा हाताने बदलण्याची सोय कोणालाही ठेवलेली नाही, मलाही नाही.

२० सप्टेंबर

पाच जागा भरल्या. पितृपक्ष सुरू झाला आहे आणि ‘घटस्थापनेनंतर बघू’ हे उत्तर फोनवर वारंवार येत आहे. घटस्थापना ३ ऑक्टोबरला आहे आणि आमची नोंदणी त्याआधीच बंद करावी लागणार आहे. शिकण्याच्या कार्यक्रमाला पक्षपंधरवड्याची अडचण नसते असे समजावण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. मुदत कोणती आणि ती तशी का आहे एवढेच सांगावे असे ठरले.

मुदतीचे कारण आज मालकांकडून पक्के करून घेतले. त्यांच्या बागेत पानगळ करून झाली आहे, त्यामुळे छाटणी फार लांबवता येत नाही. त्यांची टोळी ३ ते ५ ऑक्टोबर या दिवसांत उरलेली बाग छाटणार आहे, आणि आमच्यासाठी राखलेल्या वेलींना त्याआधी फिती बांधाव्या लागतील. “१ तारखेच्या संध्याकाळी मला आकडा पक्का सांगा,” असे ते म्हणाले, “त्यानंतर ज्या वेलीला फीत नाही तिला टोळी हात लावणार.” म्हणजे १ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ नंतर न विकलेली जागा खरोखरच नाहीशी होते. याहून चांगली मुदत आम्हाला बसून तयार करता आली नसती.

२२ सप्टेंबर

सात जागा भरल्या, नऊ मोकळ्या. सहकाऱ्याने तयार केलेल्या संदेशात ‘फक्त ३ जागा शिल्लक! आजच फोन करा’ असे होते. त्याचे म्हणणे असे की ज्यांनी विचारणा केली आहे ते सगळे आले तर तीनच उरतील. ‘सगळे आले तर’ हा अंदाज आहे, शिल्लक नव्हे, आणि संदेश वाचणाऱ्याला तो अंदाज आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ‘प्रचंड प्रतिसाद’ हे शब्दही काढले. विचारणा भरपूर आहेत हे खरे असले, तरी त्यांतल्या बऱ्याच कोणत्या छाटणीविषयी, कोणत्या वाणासाठी अशा माहितीपुरत्या होत्या. त्यांना प्रतिसाद म्हणून मोजले तर मागणी फुगवून दाखवल्यासारखे होईल.

नैतिक बाजू बाजूला ठेवली तरी या खोट्या आकड्यात व्यवहारातला धोका होता. निफाड, दिंडोरी आणि चांदवड या भागांतले उत्पादक एकमेकांच्या गटांत असतात. रविवारी तीन जागा उरल्या असे वाचलेल्या माणसाचा भाचा बुधवारी फोन करून सहज जागा मिळवतो, आणि ती गोष्ट त्याच गटात सांगितली जाते. त्यानंतर खरोखर तीन जागा उरतील तेव्हा आम्ही काहीही लिहिले तरी त्याला वजन राहणार नाही.

त्याऐवजी विचारणा करून थांबलेल्यांना फोन केले आणि कशासाठी थांबला आहात एवढेच विचारले. जागा मिळणार नाही ही भीती कमी असल्यामुळे थांबलेला माणूस जवळजवळ सापडला नाही. कोणाला त्या रविवारी स्वतःच्या बागेत टोळी येणार की नाही हे कळायचे होते, एकाला वडिलांना विचारायचे होते, आणि काहींना हे व्याख्यान आहे की कात्री हातात मिळणार हेच स्पष्ट झाले नव्हते. शेवटच्या अडचणीवर निकड वाढवणे हा उपाय नाही. ज्याला वस्तू काय आहे हेच कळलेले नाही, त्याला घाई करायला सांगितले की तो मागे सरतो.

संध्याकाळी पाठवलेला संदेश असा होता:

“६ ऑक्टोबरच्या कार्यशाळेत प्रत्येकाला स्वतः छाटण्यासाठी ३ वेली मिळतील. खुल्या १६ जागांपैकी ७ भरल्या आहेत (२२ सप्टेंबर, सायंकाळी ७). नोंदणी १ ऑक्टोबर, सायंकाळी ६ पर्यंत; त्यानंतर राखीव न झालेल्या वेली बागेची टोळी छाटणार असल्यामुळे जागा वाढवता येणार नाहीत. तुमच्या बागेची छाटणी त्याच दिवशी असेल तर आम्हाला कळवा.”

या संदेशात उद्गारचिन्ह नाही. सहकाऱ्याच्या मते तो ग्रामपंचायतीच्या नोटिशीसारखा वाटतो. मला ती तक्रार वाटली नाही.

२५ सप्टेंबर

दहा भरल्या, एक धरलेली, पाच मोकळ्या. ‘जागा वाढवता येणार नाहीत’ हे वाक्य दोघांनी फोनवर स्वतःहून उच्चारले, आणि दोघांनीही पुढचा प्रश्न वेलींविषयी विचारला.

आज एक नवा प्रश्न उभा राहिला. मास्तरांनी सांगितले की उशिरा छाटणी होणारी दुसरी एक बाग मिळण्याची शक्यता आहे आणि तिथे २० ऑक्टोबरला दुसरी तुकडी घेता येईल. ही गोष्ट ६ तारखेपर्यंत मनातच ठेवावी असा एक सूर होता, कारण दुसरी तुकडी आहे म्हटल्यावर सगळे तिची वाट पाहत बसतील. पण आपल्याला शक्यता माहीत असताना ‘हीच संधी’ असे सूचित करणे म्हणजे वेलींचा खरा आकडा देऊन तारखेचे खोटे बोलणे. शेवटी पानावर असे लिहिले: “२० ऑक्टोबरच्या सुमारास वेगळ्या बागेत दुसरी तुकडी घेण्याचा विचार आहे. बाग, तारीख आणि जागा अद्याप ठरलेल्या नाहीत. ज्यांची स्वतःची छाटणी १० ऑक्टोबरच्या आत आहे त्यांना ती तुकडी उपयोगी पडणार नाही.”

तिसरे वाक्य महत्त्वाचे आहे. थांबल्याने कोणाचे नुकसान होते आणि कोणाचे होत नाही, हे त्यातून वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येते. ज्यांची बाग आधी छाटायची आहे त्यांच्यासाठी निकड खरी आहे. ज्यांची उशिरा आहे त्यांच्यासाठी ती नाहीच, आणि त्यांना घाई करायला लावून आमचा फायदा झाला असता, त्यांचा नाही.

२८ सप्टेंबर

दुपारी बारावी जागा भरली. खुल्या जागांतल्या चार उरल्या, म्हणून ठरल्याप्रमाणे आजपासून ‘शेवटच्या जागा’ हे शब्द वापरायला मोकळीक आहे. उशिरा छाटणी असलेल्या दोघांनी दुसऱ्या तुकडीसाठी नाव देऊन या तुकडीतून माघार घेतली होती. त्यांनी पैसे भरलेले नसल्यामुळे आकडा हलला नाही.

आकडा कुठे लिहायचा याची काळजी आता जास्त घ्यावी लागते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांनंतर दुरुस्त करता येत नाही, आणि तो पुढे पाठवला गेला की त्या प्रती आपल्या हातात राहत नाहीत. चार जागा उरल्याचा आजचा खरा संदेश तीन दिवसांनी कोणाच्या तरी गटात पोहोचतो, तेव्हा तो खोटा झालेला असतो आणि खाली नाव आमचेच असते. म्हणून तीन ठिकाणांसाठी तीन रीती ठरवल्या. पोस्टरच्या चित्रावर शिल्लक जागांचा आकडा कधीच नाही, फक्त एकूण जागा, मुदत आणि मुदतीचे कारण. गटात पाठवायच्या मजकुरात आकडा असेल तर त्याच वाक्यात तारीख आणि वेळ, आणि ताज्या आकड्यासाठी पानाचा दुवा. तारखेशिवायचा नुसता आकडा फक्त स्टेटसवर, कारण ते चोवीस तासांनी आपोआप पुसले जाते. शिळा होणारा आकडा जिथे स्वतःच नाहीसा होतो तिथेच तो निर्धास्तपणे ठेवता येतो. स्टेटसही जागा भरली की काढून नवे लावायचे.

पानावर उलटी मोजणी दाखवणारे घड्याळ लावण्याची सूचना आली होती. मुदत खरी असल्यामुळे तत्त्वतः त्याला हरकत नाही. मात्र आम्हाला मिळालेले तयार साधन प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी ४८ तासांपासून मोजायला सुरुवात करते. दोन भावांनी दोन दिवशी पान उघडले तर दोघांना दोन वेगळ्या मुदती दिसतील. ते लावले नाही. ‘१ ऑक्टोबर, सायंकाळी ६’ एवढी अक्षरे पुरेशी आहेत.

३० सप्टेंबर

काल रात्रीपर्यंत चौदा भरल्या होत्या. आज सकाळी चांदवडच्या एका नोंदणीकृत शेतकऱ्याने घरच्या कारणासाठी जागा रद्द केली आणि आम्ही त्याला पूर्ण पैसे परत केले. त्यामुळे शिल्लक आकडा दोनवरून तीनवर गेला.

तो गुपचूप दोनच ठेवावा आणि प्रतीक्षेत असलेल्या एखाद्याला फोन करून जागा भरावी, असा पर्याय होता. पण प्रतीक्षायादी सगळ्या जागा भरल्यावरच सुरू होते असे आम्ही पानावर लिहिले आहे. सकाळी दहाला गटात लिहिले: “एक नोंदणी रद्द झाल्यामुळे मोकळ्या जागा २ ऐवजी आता ३ आहेत (३० सप्टेंबर, सकाळी १०).” संध्याकाळपर्यंत दोन जागा भरल्या. भरणाऱ्या दोघांनाही ‘आजच का ठरवले’ असे नेहमीप्रमाणे विचारले. एकाने उद्याची मुदत सांगितली. दुसरा म्हणाला, “आकडा वाढल्याचं सांगणारे तुम्ही पहिलेच पाहिले, म्हटलं तीन म्हणजे तीनच असतील.” एका माणसाच्या उत्तरावरून निष्कर्ष काढण्यासारखे काही नाही, आणि सोळा जागांच्या कार्यशाळेत कोणत्या वाक्याने किती नोंदण्या आणल्या हे मोजताही येत नाही. तरी उत्तरे तक्त्यात लिहून ठेवत आहोत.

१ ऑक्टोबर

पंधरा भरल्या, एक धरलेली. धरलेल्या जागेच्या व्यक्तीला दुपारी आणि पुन्हा पाच वाजता कळवले. सहा वाजले तरी पैसे आले नाहीत. बागमालकांना ५७ वेलींचा आकडा कळवला, म्हणजे पंधरा आणि राखीव चार मिळून एकोणीस जणांच्या. प्रात्यक्षिकाच्या ६ आणि बदलीच्या ४ वेगळ्या. पानावरचा अर्ज बंद केला.

२ ऑक्टोबर

सकाळी पिंपळगाव बसवंतहून फोन आला. ताई स्वतः बाग सांभाळतात, पक्ष आज संपतो म्हणून थांबल्या होत्या, पैसे लगेच पाठवायला तयार होत्या. सहकाऱ्याने लक्षात आणून दिले की टोळी उद्यापासून छाटणार आहे, म्हणजे तीन वेलींना आजही फिती बांधता येतील, आणि नाहीतर बदलीच्या चार वेली आहेतच.

यावर मास्तरांचे मत घेतले. बदलीच्या वेली दिल्या तर कमजोर वेल मिळालेल्याला काहीच देता येणार नाही, हे त्यांचे कारण. माझे कारण वेगळे होते. काल संध्याकाळी साडेपाच वाजता निफाडच्या एका मुलाने मित्राकडून पैसे घेऊन नोंदणी केली, कारण सहानंतर जागा नाही असे आम्ही लिहिले होते. आज जागा निघाली तर त्याच्यापुरते ते वाक्य खोटे ठरते. शिवाय मालकांनी कालच्या आकड्यावर टोळीचे काम वाटून दिले आहे. ताईंना हे सर्व सांगितले, नकार दिला, आणि दुसऱ्या तुकडीच्या यादीत पहिले नाव त्यांचे लिहिले. त्यांची छाटणी १५ ऑक्टोबरनंतर आहे, त्यामुळे ती तुकडी झाली तर त्यांना थोडी धावपळ करून का होईना, उपयोगी पडेल. त्या नाराज झाल्या. तेही तक्त्यात लिहिले आहे.

७ ऑक्टोबर

काल एकोणीसही जण आले. बदलीच्या चारपैकी तीन वेली वापराव्या लागल्या, दोन ठिकाणी काड्या फारच बारीक होत्या आणि एका ओलांड्यावर सुकवा निघाला. न विकलेल्या जागेचे १,८०० रुपये हिशेबात ‘न भरलेली जागा’ याच नावाने तुटीत दाखवले आहेत.

दुसऱ्या बागेच्या मालकांनी होकार कळवला. मास्तर १० तारखेला तिथे जाऊन वेली मोजतील. तोपर्यंत पानावर जागांचा रकाना रिकामा ठेवला आहे आणि यादीतल्या तिघांना १० तारखेच्या संध्याकाळी फोन करू असे कळवले आहे.